बंद ॲप आणि काकांचं बोट

इंदूरला नोकरीसाठी आले तेव्हा मला दोन गोष्टींचा माज होता. एक म्हणजे मी अकोल्याची असल्यामुळे इथल्या उन्हाला ऊन म्हणत नव्हते. आणि दुसरी म्हणजे माझ्या हातून गेलेल्या कोडमध्ये चूक निघाली तर ती बहुधा वापरणाऱ्याची असते, असं मला मनापासून वाटायचं. पहिला माज अजून शिल्लक आहे. दुसरा माझ्या घरमालकांनी उतरवला, तेही एक शब्द न बोलता.

छत्रीबागेत त्यांचं दोन मजली घर आहे. वरच्या खोलीत मी राहायचे, खाली काका आणि काकू. काका फौजेतून निवृत्त झालेले, त्यांचे वडीलही फौजेतच होते, मूळ घर महूचं. मुलगी तिकडेच दिलेली. मुलीच्या मुलीचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं होतं, महूच्या विहारात, एका गुरुवारी. ही नात लहानपणी चार वर्षं काकूंकडे वाढलेली, त्यामुळे लग्न तिचं असलं तरी लगीनघाई काकूंची होती. साडी आणून झाली, तिला फॉल लावून झाला, आणि मग काकांनी कॅलेंडर बघितलं.

काकूंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार-चार तास मशीनवर. गुरुवार चुकवणं शक्यच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्या एका आठवड्यात गुरुवारऐवजी बुधवारी करून घ्या, चालेल. पण सेंटरवर बुधवारच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीनं काकूंचं नाव प्रतीक्षायादीत घातलं आणि सांगितलं, बुधवारचं कोणी रद्द केलं की लिंक येईल, ॲपमध्ये होकार द्यायचा.

ते ॲप मी लिहिलं होतं.

एकटीनं नाही, आमची चौघांची टीम होती. पण लिंकचं सगळं काम माझं. कोणाची खुर्ची रिकामी झाली की सर्व्हर यादीतल्या पहिल्या माणसाला एसएमएस पाठवायचा. त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं की ॲप उघडून थेट त्या खुर्चीच्या पानावर जायचं: तारीख, वेळ, आणि खाली ‘हो, मला हवी’ असं हिरवं बटण. वीस मिनिटांत होकार आला नाही तर लिंक मरायची आणि खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाकडे जायची. ॲपच्या आतून त्या पानाकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. सेंटरवाल्यांना सगळं सोपं हवं होतं, आणि मलाही तो रस्ता बांधायचा कंटाळा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सेंटरनं ते ॲप वापरायला घेतलं तेव्हा मीच काकांच्या फोनमध्ये ते घातलं होतं. मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, आता फोनाफोनी करत बसू नका, सगळं यातच होईल. काकूंनी त्या दिवशी मला शिरा करून घातला.

पहिली लिंक लग्नाच्या तीन आठवडे आधी आली. काकांनी चष्मा लावला, लिंक दाबली, ॲप उघडलं. समोर दिसलं, ‘तुमची पुढची वेळ: गुरुवार, दुपारी एक’. ते ॲपचं नेहमीचं पहिलं पान होतं. काकांना वाटलं, अजून बदललं नसेल, बदलेल थोड्या वेळात. ते वाट बघत बसले. संध्याकाळी सेंटरला फोन केला, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “अंकलजी, लिंक तो भेजी थी, आपने कन्फर्म ही नहीं किया.”

रात्री जेवताना त्यांनी मला हे सांगितलं. तक्रार म्हणून नाही, चौकशी म्हणून. मी पोळी मोडता मोडता म्हटलं की काका, तुम्ही घाई केली असेल, लिंक दाबल्यावर जरा थांबायचं. ते मान हलवून बरं म्हणाले.

दुसरी लिंक चार दिवसांनी आली. काका थांबले. पुरती वीस मिनिटं थांबले. समोर तेच पहिलं पान, बुधवारचं नाव नाही. दुसऱ्यांदा लिंक दाबायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण मीच थांबा म्हणून सांगितलं होतं. ती खुर्चीही गेली.

आता मी चिडले. ॲपवर नाही, काकांवर. ऑफिसात गेले, सहकाऱ्याला सांगून स्वतःच्या फोनवर चाचणीची लिंक मागवली, दाबली. खुर्चीचं पान धाडकन समोर. पुन्हा मागवली, पुन्हा तेच. पाच वेळा केलं. माझ्या हातात ते ॲप कसं सुतासारखं सरळ चालत होतं. घरी येऊन मी काकांना समजावलं, आणि माझा तो समजावण्याचा स्वर आठवला की आजही अंगावर काटा येतो. म्हटलं, काका, ॲपमध्ये काहीच गडबड नाही, मी नीट तपासलंय. तुमचं बोट थरथरतं ना, त्यामुळे दाबलं जाताना दुसरीकडे कुठेतरी लागत असेल.

बोट थरथरायचं हे खरं होतं. उजव्या हाताची तर्जनी, अगदी थोडी. त्यांनी ते बोट वर करून बघितलं. मग म्हणाले, “हां बेटा, तसंच असेल. अपना हात आता पहिल्यासारखा नाही राहिला.”

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेपासून ऐकत आले होते. त्या दिवशी अंगणानंही मान्य केलं की आपण वाकडे आहोत, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

त्यानंतर काकांनी फोन काकूंकडे देऊन टाकला. रिचार्ज, गॅसचं बुकिंग, महूला मुलीशी बोलणं, सगळं आजवर तेच करायचे. आता फोन वाजला की ते काकूंना हाक मारायचे. काकूंना फोनमधलं फारसं कळायचं नाही, त्या चिडायच्या. एक दिवस मी सकाळी खाली आले तर काका ओसरीत कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले. एक, दोन, तीन करत नऊपर्यंत एकेक बटण सावकाश दाबत होते. मला वाटलं हिशेब करताहेत. काकूंनी आत बोलावून हळूच सांगितलं, बोटाची प्रॅक्टिस चाललीय. आणि साडी कपाटात परत ठेवून दिली होती. काका त्यांना म्हणाले होते, तुझं जाणं माझ्यामुळे हुकणार.

मला वाईट वाटलं, पण ते दया आल्यासारखं. ज्याचं चुकलंय त्याला वाटतं तसं नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. काकूंना गॅसच्या सिलिंडरचा नंबर लावून हवा होता आणि त्यांना ते जमेना, म्हणून काकांनी नाइलाजानं फोन हातात घेतला. नंबर लावला. मग फोन खाली ठेवण्याआधी त्यांनी तळातून बोट वर सरकवलं, उघडी असलेली सगळी ॲप्स पत्त्यांसारखी ओळीनं आली, आणि काकांनी एकेक पान वर ढकलून बंद केलं. गॅसचं बंद, फोटोंचं बंद, आमच्या सेंटरचंही बंद. सगळी खोली रिकामी झाल्याची खात्री केली आणि मगच फोन टेबलावर ठेवला.

हे नेहमी करता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, काम झालं की बंद. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवतो, तसं. फौजेत ज्यांनी दिवा चालू ठेवला त्यांचं काय व्हायचं याची एक गोष्टही सांगायला लागले. मी ती ऐकलीच नाही. माझा चहा तसाच राहिला.

आमच्या ऑफिसात ॲप कधीच बंद नसतं. सकाळी आलं की फोन केबलनं लॅपटॉपला जोडायचा, ॲप चालू करायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते चालूच. कोडमध्ये काही बदललं की पडद्यावर तिथल्या तिथे बदलतं. लिंक तपासायची तर लॅपटॉपवरून एका ओळीचा हुकूम सोडायचा, ॲप समोर उघडंच असतं, ते लगेच त्या पानावर जातं. आमची टेस्टिंग करणारी मुलगी व्हॉट्सॲपवर लिंक टाकून दाबायची, तेव्हाही आमचं ॲप मागे जागंच असायचं. मी माझ्या फोनवर पाच वेळा तपासलं, तेही पाचही वेळा उघड्या ॲपवर. ज्यांचा धंदाच ॲप चालवायचा, त्यांना ॲप बंद करण्याचं कारणच काय?

काकांचं ॲप मात्र प्रत्येक वेळी पूर्ण बंद असायचं.

मी वर धावत गेले. स्वतःच्या फोनमधलं ॲप वर ढकलून बंद केलं, चाचणीची लिंक दाबली. ॲपचं चिन्ह दिसलं, एक क्षण पांढरा पडदा, आणि मग पहिलं पान. ‘तुमची पुढची वेळ’. खुर्चीचा पत्ता नाही.

का होत होतं ते कळायला मला अर्धा तास लागला, आणि कळल्यावर डोक्याला हात लावला. लिंक ॲपकडे दोन वाटांनी येते. ॲप जागं असेल तर ती हाक मारल्यासारखी येते, आणि आपण कान लावून बसलेलो असतो. ॲप बंद असेल तर फोन त्या लिंकसाठीच ॲपला उठवतो, आणि उठल्यावर पहिल्यांदा ॲपनं विचारायचं असतं की मला कशासाठी उठवलंय. आमचं ॲप विचारत होतं, त्याबद्दल त्याला दोष नव्हता. पण ते विचारायच्या वेळी आत काहीच मांडलेलं नव्हतं. माणूस लॉगिन झालेला आहे की नाही हे फोनमध्ये साठवलेल्या खुणेवरून वाचायला ॲपला एक क्षण लागायचा, आणि तेवढा वेळ मी त्याच्या पोटात एकच पान ठेवलं होतं, लोगोचं. लिंक म्हणायची खुर्चीच्या पानावर न्या, ॲप बघायचं तर तसं पानच अस्तित्वात नाही, मग ते निमूटपणे लिंक टाकून द्यायचं. पुढच्या क्षणी खूण वाचून व्हायची, सगळी पानं मांडली जायची, आणि लिंक गेलेलीच असल्यामुळे पहिलं पान उघडायचं. पाहुणा चिठ्ठी घेऊन दारात उभा, घरचे अंथरुणं काढताहेत, आणि केर काढता काढता चिठ्ठीही गेली, असा प्रकार. कुठे लाल अक्षरांत चूक दिसत नव्हती, ॲप कोसळत नव्हतं. त्यामुळे आम्हाला कोणी सांगेपर्यंत कळणारच नव्हतं. आणि ज्यांनी सांगितलं त्यांना मी बोट थरथरतं म्हणाले होते.

सोमवारी आमच्या टीम लीडला दाखवलं. तो इथल्या जुन्या मराठी घरातला, चार पिढ्या इंदुरात. त्यानं दोनदा ॲप बंद करून लिंक दाबली, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, “अरे यार, बंद करून आपण कधी बघितलंच नाही.” मग हळूच विचारलं, किती पेशंटांच्या खुर्च्या गेल्या असतील? त्यानं सेंटरला फोन करून सगळं खरं सांगितलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत लिंक पाठवली की पेशंटला फोनही करा, अशी विनंती केली.

दुरुस्ती हसू येईल इतकी छोटी होती. लॉगिनची खूण वाचून होईपर्यंत पानांची मांडणी सुरूच करायची नाही. लोगोचा पडदा धरून ठेवायचा, सगळं मांडून झालं की मगच लिंककडे बघायचं. माणूस लॉगिन नसेल तर लिंक खिशात ठेवायची आणि लॉगिन झाल्यावर काढायची. शिवाय खुर्चीच्या पानाखाली पहिलं पान ठेवायचं, म्हणजे मागे जायचं बटण दाबलं तर माणूस ॲपच्या बाहेर फेकला जाणार नाही. त्या दिवशी मी ॲप इतक्या वेळा बंद केलं की टेस्टिंगवाली मुलगी म्हणाली, आता तेच आपल्यावर रुसेल.

स्टोअरवर सगळ्यांसाठी नवं ॲप यायला काही दिवस लागणार होते आणि लग्न दहा दिवसांवर आलं होतं. चाचणी करणाऱ्यांच्या यादीत काकांचा ईमेल घालून त्यांच्या फोनवर मी त्याच संध्याकाळी ते उतरवलं.

इथे मी आणखी एक केलं, जे मूळ चुकीपेक्षा वाईट होतं. काकांनी विचारलं, यात नवीन काय आहे? मी म्हटलं, थोडं सुधारलंय. ते म्हणाले, म्हणजे माझ्यासारख्या थरथरत्या हातांसाठी सोपं केलं? आणि मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी जिना चढून वर गेले आणि मला माझीच इतकी चीड आली की जेवले नाही. एवढ्या टीमसमोर चूक कबूल करताना जीभ अडली नव्हती. ज्याला ते ऐकण्याचा खरा हक्क, त्याच्यासमोर मात्र दातखीळ बसली. उद्या सांगू, लग्नानंतर सांगू, असं चाललं होतं.

तिसरी लिंक लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी आली. खालून काकांची हाक आली, त्या आवाजात कधी नव्हे ती घाई होती. सेंटरवरून पाठोपाठ फोनही आला होता की लिंक बघा. मी उतरले तर काका फोन तळहातावर धरून उभे, एसएमएस समोर, आणि बोट पाठीमागे लपवलेलं. काकू देवडीत बसून मेथी निवडत होत्या, पण हात थांबलेले.

“तू दाब,” काका म्हणाले.

मी म्हटलं तुम्हीच दाबा. त्यांनी मान हलवली. फोन माझ्यापुढे धरला. वीस मिनिटांतली चार गेली होती.

“नको बेटा. दोनदा माझ्या हातानं गेलं. तिसऱ्यांदा गेलं तर हिला काय तोंड दाखवू?”

मी फोन घेतला असता तर दोन सेकंदांत काम झालं असतं, खुर्ची मिळाली असती, सगळे खूश झाले असते. आणि उरलेलं आयुष्य हा माणूस स्वतःच्या बोटाला दोष देत राहिला असता. मी हात मागे घेतला.

“काका, त्या दोन्ही वेळा तुम्ही बरोबर दाबलं होतं,” मी म्हणाले. “चूक माझी होती. ॲप बंद असलं की लिंक आत हरवत होती. मी फक्त उघड्या ॲपवर तपासलं आणि तुमच्या बोटाला नाव ठेवलं. मला आठवडाभर माहीत आहे, आणि मी सांगितलं नाही.”

मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फौजेतल्या चौकशीसारखा एकच प्रश्न विचारला, की मग मी ॲप बंद करतो ते चुकीचं आहे का. मी म्हटलं नाही, बंद असतानाही ते उघडायला हवं होतं, आता उघडेल.

“नक्की?”

“नक्की.”

काकांनी तळातून बोट वर सरकवलं. मेसेज बंद केले, फोटो बंद केले, आमचं ॲप बंद केलं. घड्याळ पुढे सरकत होतं. सगळं रिकामं झाल्यावर त्यांनी मेसेज पुन्हा उघडले, पाठीमागचं ते बोट पुढे आणलं आणि लिंकवर ठेवलं. लोगो आला. पडदा जरा जास्त वेळ राहिला, निदान मला तसं वाटलं. मग तारीख दिसली, बुधवार दिसला, दुपारी एक, आणि हिरवं बटण. काकांनी ते दाबलं. खाली अक्षरं आली, ‘तुमची खुर्ची पक्की झाली’. काकांनी ती मोठ्यानं वाचली नाही. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला.

काकूंनी मेथी बाजूला सारून विचारलं, बुधवार मिळाला का?

“मिळाला,” काका म्हणाले. “पण आधी ऐक. मी बरोबरच दाबलं होतं. दोन्ही वेळा.”

काकू उठल्या, साडी काढायला आत निघाल्या. “मी कधी म्हटलं चुकलं म्हणून?” त्या जाता जाता म्हणाल्या. “तुम्हीच ऐकत नव्हता.”